पैसे बँकेत आलेच नाहीत, तरी विक्री झाली

काकू माझ्याकडे आल्या त्या २०२५ च्या जुलैमध्ये, विवरणपत्र भरण्याच्या ऐन गर्दीत. सांगलीच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. सोबत कापडी पिशवीत बँकेचं पासबुक, पेन्शनचे कागद आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून भाच्याने छापून दिलेलं वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे ज्याला सगळे एआयएस म्हणतात ते होतं. त्यातल्या एका ओळीखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली होती. म्युच्युअल फंडाच्या युनिटांची विक्री, सहा व्यवहार, एकूण सहा लाख रुपये.

"अरे, मी काहीच विकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे पासबुक बघ. एक रुपया तरी आलाय का? पैसे तिथल्या तिथेच आहेत."

पासबुक खरं बोलत होतं. आणि एआयएसही खरं बोलत होतं. या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ कसा बसतो हे कळलं, की म्युच्युअल फंडातल्या 'स्विच'चा कर कळतो.

काकूंनी जून २०२४ मध्ये निवृत्तीच्या रकमेतले सहा लाख रुपये एका लिक्विड फंडात ठेवले होते. शेअर बाजाराच्या फंडात सगळे पैसे एकदम टाकण्यापेक्षा ते हप्त्याहप्त्याने न्यावेत, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यासाठी त्यांनी एसटीपीचा अर्ज भरला. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लिक्विड फंडातले एक लाख रुपये त्याच फंड कंपनीच्या इक्विटी फंडात जायचे. जुलै ते डिसेंबर असे सहा हप्ते झाले. एकदा सही केली आणि पुढचं सगळं आपोआप घडलं. त्यामुळे काकूंच्या मनात हा सगळा मिळून एकच व्यवहार होता, आणि तोही 'इकडचं तिकडे' केल्याचा. कपाटातल्या वरच्या खणातली वस्तू खालच्या खणात ठेवल्यासारखा.

पण म्युच्युअल फंडाच्या योजना म्हणजे एका कपाटाचे खण नाहीत. प्रत्येक योजनेची मालमत्ता वेगळी, हिशेब वेगळा, गुंतवणूकदारही वेगळे. लिक्विड फंडातून एक लाख बाहेर काढायचे, तर काकूंची तेवढी युनिटं त्या दिवसाच्या दराने रद्द करावी लागतात. हा दर म्हणजेच एनएव्ही. ती युनिटं पुन्हा कुठे अस्तित्वात नसतात. त्यातून निघालेल्या रकमेची दुसऱ्या योजनेत नवी युनिटं घेतली जातात. आयकर कायद्यात भांडवली मालमत्तेच्या 'हस्तांतरणा'ची जी व्याख्या आहे, तिच्यात नुसती विक्री नाही. अदलाबदल आहे, हक्क सोडून देणं आहे. पैसे तुमच्या खात्यात आले का, हा प्रश्न ती व्याख्या विचारतच नाही. एका योजनेतला तुमचा हक्क संपला आणि त्याबदल्यात काही मोल मिळालं, एवढं तिला पुरतं.

फंडाच्या खातेउताऱ्यावर हे स्पष्ट दिसतं, फक्त पाहायची सवय हवी. काकूंच्या उताऱ्यात दर महिन्याला दोन नोंदी होत्या. लिक्विड फंडाच्या पानावर स्विच आउट, त्यापुढे कमी झालेली युनिटं आणि त्या दिवसाचा दर. इक्विटी फंडाच्या पानावर स्विच इन, वाढलेली युनिटं आणि खाली एक छोटीशी ओळ: मुद्रांक शुल्क. युनिटं खरेदी करताना ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे लाखाला पाच रुपये. १ जुलै २०२० पासून ते लागू आहे. मी काकूंना त्या पाच रुपयांवर बोट ठेवून दाखवलं. "नुसतं इकडचं तिकडे झालं असतं, तर हे पाच रुपये कोणी कापले नसते. खरेदी झाली म्हणून कापले. आणि खरेदीला पैसे कुठून आले? विक्रीतून."

गणिताच्या बाईंना एवढं पुरलं. त्यांनी वही उघडली. "मग नफा किती, ते काढू."

सहा हप्ते, सहा नफे

पहिली चूक इथेच होते. सहा लाख ठेवले, सहा लाख इकडून तिकडे गेले, मग नफा शून्य, असं अनेक जण मांडतात. पण एक लाखाचा हप्ता गेला, याचा अर्थ आपण ठेवलेलं एक लाख मुद्दल गेलं असा नाही. त्या लाखात थोडं मुद्दल असतं आणि थोडी वाढ असते. किती, ते त्या दिवसाच्या दरावर ठरतं.

काकूंचा हिशेब समजायला सोपा जावा म्हणून मी इथे दर गोल आकड्यांत देतो आणि मुद्रांक शुल्काचे किरकोळ रुपये सोडून देतो. जूनमध्ये लिक्विड फंडाच्या एका युनिटचा दर ३,००० रुपये होता. सहा लाखांची बरोबर २०० युनिटं आली. जुलैत दर ३,०१८ झाला. एक लाख रुपये उभे करायला ३३.१३५ युनिटं मोडावी लागली. ही युनिटं विकत घेताना ९९,४०४ रुपये पडले होते. म्हणजे त्या हप्त्यातला नफा ५९६ रुपये.

ऑगस्टमध्ये दर ३,०३६. आता लाखासाठी ३२.९३८ युनिटंच पुरली, आणि त्यातला नफा १,१८६ रुपये. दर जसा दरमहा अठरा रुपयांनी वर जात राहिला, तसा सप्टेंबरच्या हप्त्यात नफा १,७६८ झाला, ऑक्टोबरच्या हप्त्यात २,३४४, नोव्हेंबरच्या हप्त्यात २,९१३ आणि डिसेंबरच्या हप्त्यात ३,४७५. रक्कम दर वेळी तीच, एक लाख. नफा मात्र दर वेळी निराळा, आणि वाढत जाणारा. कारण दर वेळी आधीपेक्षा कमी युनिटं जात होती, आणि गेलेल्या प्रत्येक युनिटच्या पोटात आधीपेक्षा जास्त वाढ साठलेली होती.

सहा हप्त्यांच्या नफ्यांची बेरीज १२,२८२ रुपये झाली. डिसेंबरअखेर लिक्विड फंडात ४.०९४ युनिटं शिल्लक होती. त्यांची किंमत १२,७२४ रुपये, आणि त्यातही ४४२ रुपये वाढ दडलेली. त्या ४४२ रुपयांवर काहीही कर नाही, कारण ती युनिटं अजून मोडलेली नाहीत. काकूंनी बेरीज करून पाहिली. १२,२८२ आणि ४४२ मिळून १२,७२४. सहा लाखांवर झालेली एकूण वाढ तेवढीच. हिशेब जुळला, तसं त्यांच्या चेहऱ्यावरचं सावट गेलं. आयकर खात्याला सहा लाखांवर कर नको होता, बारा हजारांवर हवा होता. एआयएसमध्ये दिसते ती विक्रीची रक्कम. ती म्हणजे नफा नव्हे.

लिक्विड आणि बहुतेक डेट फंडांबाबत आता एक नियम आहे. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर घेतलेली युनिटं कितीही वर्षं ठेवली, तरी त्यांवरचा नफा अल्पकालीनच धरला जातो आणि तो आपल्या उत्पन्नाच्या पायरीप्रमाणे करपात्र होतो. काकू जुन्या करपद्धतीत वीस टक्क्यांच्या पायरीवर होत्या. उपकरासह कर झाला २,५५५ रुपये. रक्कम मोठी नव्हती. पण हा नफा दाखवलाच नसता, तर विवरणपत्र आणि एआयएस यांत सहा लाखांच्या विक्रीची तफावत राहिली असती, आणि त्याची विचारणा पुढे कधीतरी झालीच असती. शिवाय अल्पकालीन भांडवली नफा असला की साधं आयटीआर-१ चालत नाही. काकूंसारख्या पेन्शनरांना आयटीआर-२ भरावं लागतं. अनेक जण इथेच चुकतात. मागच्या वर्षीचाच फॉर्म पुन्हा भरतात आणि त्यात अशा अल्पकालीन नफ्याला जागाच नसल्यामुळे तो राहून जातो.

दुसरी फेरी: तीच योजना, दुसरा प्लॅन

डिसेंबर २०२५ च्या शेवटी काकू पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट थोडं समाधान होतं. त्यांनी आता इक्विटी फंडातली सगळी युनिटं रेग्युलर प्लॅनमधून त्याच योजनेच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये नेली होती.

योजना तीच, व्यवस्थापक तोच, शेअर तेच. रेग्युलर प्लॅनच्या खर्चात वितरकाचं कमिशन असतं, डायरेक्टमध्ये ते नसतं, म्हणून डायरेक्टचा वार्षिक खर्च कमी असतो. सेबीच्या नियमामुळे जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड कंपनीला डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो. दोन्ही प्लॅनचे दर मात्र वेगवेगळे चालतात. म्हणून रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजेही एक युनिट रद्द होऊन दुसरं मिळणं. ग्रोथमधून लाभांशाच्या पर्यायात गेलं तरी तसंच. योजनेचं नाव बदललं नाही, म्हणून विक्री झाली नाही, असं म्हणता येत नाही.

हे काकूंना आता ठाऊक होतं. त्यांनी हिशेबही करून आणला होता. ऑक्टोबर २०२५ च्या मध्याला स्विच केला तेव्हा युनिटचा दर ११२ रुपये होता आणि सगळ्या युनिटांची किंमत ६,५६,३४९ रुपये. त्यातून गुंतवलेले सहा लाख वजा केले. नफा ५६,३४९. "पैसे जून २०२४ पासून फंडात आहेत, म्हणजे वर्ष उलटून गेलं. इक्विटीचा दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त. म्हणून कर शून्य," त्या म्हणाल्या. "बरोबर ना?"

बेरीज बरोबर होती. निष्कर्ष चुकला होता, आणि तो दोन जागी चुकला होता.

पहिली जागा तारखेची. जून २०२४ ही लिक्विड फंडात शिरल्याची तारीख. इक्विटी फंडाच्या युनिटांचा जन्म त्या दिवशी झालेला नाही. त्यांतलं प्रत्येक युनिट ज्या महिन्याच्या हप्त्यात आलं, त्या दिवसापासून त्याचं वय मोजायचं. स्विच झाला की जुनं घड्याळ थांबतं आणि नवं सुरू होतं.

दुसरी जागा एकत्र बेरजेची. त्यांच्याकडे एक ढीग नव्हता, सहा गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्याची खरेदीची तारीख वेगळी, खरेदीचा दर वेगळा. एकाच दिवशी, एकाच क्लिकने सगळे गेले, तरी नफा गठ्ठ्यागणिक काढायचा. आम्ही त्यांच्या वहीत असं मांडलं:

| घेतल्याचा महिना | घेतानाचा दर (रु.) | युनिटं | ११२ दराने किंमत (रु.) | नफा (रु.) |
|---|---|---|---|---|
| जुलै २०२४ | १०० | १,०००.००० | १,१२,००० | १२,००० |
| ऑगस्ट २०२४ | १०४ | ९६१.५३८ | १,०७,६९२ | ७,६९२ |
| सप्टेंबर २०२४ | १०८ | ९२५.९२६ | १,०३,७०४ | ३,७०४ |
| ऑक्टोबर २०२४ | १०५ | ९५२.३८१ | १,०६,६६७ | ६,६६७ |
| नोव्हेंबर २०२४ | ९८ | १,०२०.४०८ | १,१४,२८६ | १४,२८६ |
| डिसेंबर २०२४ | १०० | १,०००.००० | १,१२,००० | १२,००० |

इक्विटी फंडाचं युनिट बारा महिन्यांहून जास्त ठेवलं तरच नफा दीर्घकालीन. जुलै ते ऑक्टोबर २०२४ चे चार गठ्ठे ऑक्टोबर २०२५ च्या मध्याला वर्षापलीकडे गेले होते. त्यांचा नफा ३०,०६३. काकूंना वर्षभरात दुसरा असा नफा नव्हता, म्हणून सव्वा लाखाच्या मर्यादेत तो पूर्ण बसला आणि त्यावर कर शून्य. इथे काकूंचं म्हणणं खरं ठरलं.

पण नोव्हेंबर आणि डिसेंबरचे गठ्ठे वर्षाच्या आत होते. त्यांचा नफा २६,२८६, आणि तो अल्पकालीन. सव्वा लाखाची सूट फक्त दीर्घकालीन नफ्याला आहे. अल्पकालीन नफ्यावर पहिल्या रुपयापासून कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून इक्विटी फंडांच्या अल्पकालीन नफ्याचा दर २० टक्के आहे, आणि सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के.

त्यात त्या योजनेचा एक्झिट लोडही होता: घेतल्यापासून वर्षाच्या आत बाहेर पडल्यास एक टक्का. सगळ्याच योजनांत तो असतो असं नाही, आणि काही ठिकाणी डायरेक्टमध्ये जाताना तो माफही होतो. योजनेच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं. काकूंच्या योजनेत माफी नव्हती. त्या दोन गठ्ठ्यांच्या २,२६,२८६ रुपयांवर २,२६३ रुपये कापले गेले. एक्झिट लोड विक्रीच्या रकमेतून वजा होतो, त्यामुळे करपात्र अल्पकालीन नफा २४,०२३ रुपयांवर आला. त्यावर २० टक्के आणि उपकर मिळून ४,९९७ रुपये. कर आणि लोड धरून या स्विचचा खर्च ७,२६० रुपये झाला.

काकू क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण यंदा मी नव्या पद्धतीत जाणार आहे. तिथे बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात."

ही समजूत इतकी पसरली आहे, की तिचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो तो एका सवलतीमुळे. पायऱ्यांप्रमाणे कर आधी काढला जातो आणि मग माफ केला जातो. ज्या उत्पन्नाला कायद्याने स्वतंत्र दर ठरवून दिला आहे, त्यावरच्या कराला ही माफी मिळत नाही. इक्विटी फंडाचा २० टक्क्यांचा अल्पकालीन नफा आणि १२.५ टक्क्यांचा दीर्घकालीन नफा हे दोन्ही त्यातच येतात. काकूंची पेन्शन बारा लाखांच्या खूप आत होती, त्यामुळे पेन्शनवरचा कर माफ झाला. त्या दोन गठ्ठ्यांवरचा कर मात्र उभाच राहिला.

थांबल्या असत्या तर

काकूंनी स्वतःच पुढचा प्रश्न विचारला. "मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबले असते तर?"

तर सहाही गठ्ठे वर्षापलीकडे गेले असते. दर ११२ च राहिला असं धरलं, तर सगळा ५६,३४९ रुपयांचा नफा दीर्घकालीन ठरून सव्वा लाखाच्या आत बसला असता. कर शून्य, लोड शून्य.

मग प्रश्न उरतो, की दोन महिने रेग्युलर प्लॅनमध्ये थांबल्याने नुकसान किती झालं असतं. समजा दोन प्लॅनच्या वार्षिक खर्चात पाऊण टक्क्याचा फरक आहे. पण थांबायचं होतं ते सगळ्या युनिटांसाठी नाही, फक्त शेवटच्या दोन गठ्ठ्यांसाठी. २,२६,२८६ रुपयांवर पाऊण टक्क्याने दोन महिन्यांचे होतात सुमारे २८३ रुपये. एका बाजूला २८३, दुसऱ्या बाजूला ७,२६०.

आणि पहिले चार गठ्ठे ऑक्टोबरमध्येच नेता आले असते. स्विचच्या अर्जात सगळी युनिटं, ठरावीक रक्कम किंवा ठरावीक युनिटं असे पर्याय असतात. एका फोलिओतून युनिटं बाहेर जातात ती आधी आलेली आधी, या क्रमाने. कुठला गठ्ठा द्यायचा हे आपण निवडू शकत नाही, पण किती द्यायचं हे ठरवू शकतो. पहिल्या चार गठ्ठ्यांची युनिटं मिळून ३,८३९.८४५. अर्जात तेवढाच आकडा लिहिला असता, तर जुनी चार महिन्यांची युनिटं गेली असती आणि नवी दोन महिन्यांची जागेवर राहिली असती. रकमेऐवजी युनिटांचा आकडा लिहिण्याचा फायदा हाच. त्या दिवशीचा दर काय लागेल हे अर्ज करताना माहीत नसतं, पण कोणत्या महिन्यात किती युनिटं आली हे उताऱ्यात तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेलं असतं.

दरमहा एसआयपी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पाच वर्षं एसआयपी चालवली, तर साठ गठ्ठे होतात, आणि शेवटचे बारा कायम वर्षाच्या आत असतात. "मी पाच वर्षांपासून गुंतवतोय" हे वाक्य पहिल्या हप्त्यापुरतंच खरं असतं.

स्विचनंतरची नवी पाटी

झालेला स्विच मागे घेता येत नाही. पण त्याचा पुढचा हिशेब नीट ठेवता येतो, आणि इथे तिसरी चूक टाळायची असते. डायरेक्ट प्लॅनमधली काकूंची सगळी युनिटं आता ऑक्टोबर २०२५ ची आहेत. लोड कापला गेला, त्यामुळे नव्या प्लॅनमध्ये ६,५४,०८६ रुपये पोचले. ती आता त्यांची खरेदीची किंमत. पुढे कधी ही युनिटं विकली, तर नफा याच रकमेवरून मोजायचा, मूळ सहा लाखांवरून नाही. जो नफा या स्विचमध्ये हिशेबात आला, तो पुन्हा मोजला तर त्याच पैशावर दोनदा कर भरला जाईल. करमुक्त मर्यादेत बसलेले ३०,०६३ रुपयेही आता कायमचे बाहेर पडले आहेत, आणि ही काकूंच्या फायद्याची बाजू आहे. तोट्याची बाजू अशी, की बारा महिन्यांचं घड्याळ सहाही गठ्ठ्यांसाठी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झालं, आणि योजनेत एक्झिट लोड असेल तर त्याचंही.

हे आकडे हाताने काढायची गरज सहसा पडत नाही. फंडांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या संस्था पॅन क्रमांकावरून भांडवली नफ्याचा उतारा देतात. त्यात प्रत्येक स्विच गठ्ठ्यागणिक फोडून दाखवलेला असतो: कधी घेतलं, कधी गेलं, किती नफा, अल्पकालीन की दीर्घकालीन. काही फंड कंपन्या एकीकडे आणि काही दुसरीकडे असल्यामुळे दोन्हींकडचे उतारे मागवावे लागतात. एकच मागवला की अर्धे व्यवहार सुटतात. उताऱ्यातली विक्रीची एकूण रक्कम एआयएसशी जुळते का, ते पाहिलं की काही राहून गेलं असेल तर लगेच कळतं.

परदेशात राहणाऱ्या मुलाबाळांच्या नावावर गुंतवणूक असेल, तर आणखी एक गोष्ट आधी माहीत असावी. भारतात राहणाऱ्यांच्या स्विचवर टीडीएस कापला जात नाही. अनिवासी भारतीयांच्या बाबतीत मात्र नफा असेल तर प्रत्येक स्विचच्या वेळी आधी टीडीएस कापला जातो आणि उरलेली रक्कमच नव्या योजनेत जाते. दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या मुलाने एसटीपी लावली आणि दर हप्त्याला थोडी कमी रक्कम पोचली, तर त्याचं कारण बहुधा हेच.

जिथे विक्री होत नाही

सगळ्याच बदलांना हा नियम लागत नाही. फंड कंपनीने स्वतः दोन योजना एकत्र केल्या, आणि त्या दोन्ही इक्विटीच्या किंवा दोन्ही इक्विटीशिवायच्या असल्या, तर युनिटं बदलूनही ते हस्तांतरण धरलं जात नाही. जुनी किंमत आणि जुनी तारीख दोन्ही नव्या युनिटांसोबत येतात. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये योजनांचे प्रकार नव्याने ठरवून दिल्यावर २०१८ मध्ये अनेक योजनांचं असं विलीनीकरण झालं. त्या काळचे गुंतवणूकदार आजही आपली मूळ तारीखच धरू शकतात. योजनेचं नाव बदललं किंवा व्यवस्थापक बदलला, तर युनिट तेच राहतं, त्यामुळे करही नाही.

विम्याच्या युलिपमध्ये आणि एनपीएसमध्ये एका फंडातून दुसऱ्यात जाता येतं आणि त्या वेळी कर लागत नाही. तिथे करार एकच असतो, आणि फंड बदलला तरी तो मोडत नाही. अनेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. एजंटने युलिपबद्दल सांगितलेलं 'स्विच फ्री आहे' हे वाक्य डोक्यात राहतं आणि म्युच्युअल फंडाला लावलं जातं. शब्द एकच आहे, व्यवहार वेगळा आहे.

निघताना काकूंनी वहीचं नवं पान काढलं. आधीच्या पानावर त्यांनी 'इकडून' आणि 'तिकडे' असे दोन रकाने आखले होते. या वेळी पट्टी धरून आखलेल्या रकान्यांवर त्यांनी लिहिलं: 'विकलं' आणि 'घेतलं'. 'घेतलं'खाली पहिली ओळ भरली: ऑक्टोबर २०२५, डायरेक्ट प्लॅन, रुपये ६,५४,०८६. आणि शेजारी समासात, लाल पेनाने: 'ऑक्टोबर २०२६ संपेपर्यंत हात लावायचा नाही.'